तीन फुटांचं दार

मागच्या वर्षीची गोष्ट आहे, तशी अगदीच फालतू, पण ती माझ्या डोक्यातून वर्षभर गेली नाही. ऑफिसमध्ये संगीत खुर्ची होती. आमच्या डिस्पॅचचे काका पहिल्याच राउंडला बाद झाले, म्हणजे गाणं सुरू होऊन अर्धा मिनिट पण झाला नसेल. ते हसले, बाजूला झाले, आणि पाण्याच्या फिल्टरला टेकून उभे राहिले. मी सहज समोशाची कागदी प्लेट त्यांच्या हातात दिली. खेळ संपला, टाळ्या झाल्या, फोटो झाले, आणि मी परत बघितलं तर काका तिथेच, त्याच पोझमध्ये, प्लेट हातात. रिकामी. चटणीचा डाग सुकून तपकिरी झालेला. प्लेट टाकायला जायचं तर डस्टबिन समोरच्या कोपऱ्यात आणि मध्ये माणसं आणि खुर्च्यांचा हा गोंधळ, त्यामुळे बिचारे ती धरूनच उभे राहिलेले. मी म्हटलं काका, कंटाळलात ना? तर म्हणाले, "छे हो मॅडम, बाद झालो ते बरंच झालं, पाय दुखत होते." आणि हे इतकं छान हसून म्हणाले की मला जास्तच लागलं.

या वर्षी ती दुपार माझ्या गळ्यात आली. आमच्याकडे एचआर असा वेगळा माणूस नाही, वागळे इस्टेटमधलं छोटं ऑफिस, मी अकाउंट्सला, त्यामुळे ज्या कामाला खातं नाही ते माझ्याकडे येतं. साहेब म्हणाले श्रावणात काहीतरी ठेवू, टीम बिल्डिंग, बाहेर नको पावसात, मीटिंग रूममध्येच करा, साडेतीन ते पाच, म्हणजे लोकांना लोकल पण मिळेल. एवढं बोलून ते फोनवर गेले. दीड तास, तेवीस माणसं, एक खोली. आणि बजेट "बघा थोडक्यात".

मी पहिलं काय केलं तर घरी बसून संगीत खुर्चीचा हिशोब मांडला. सवयच आहे. २३ माणसं, २२ खुर्च्या, म्हणजे विजेता मिळेपर्यंत २२ राउंड. गाणं, धावपळ, "मीच आधी बसलो होतो" ची भांडणं, खुर्ची काढणं, सगळं धरून राउंडला एक मिनिट, तेही कमीच. म्हणजे पहिला बाद झालेला माणूस २१ मिनिटं भिंतीला. दुसरा २०. तिसरा १९. अशी सगळ्यांची उभं राहण्याची मिनिटं बेरीज केली तर २३१ होतात, जवळपास चार तास, आणि हा खेळ म्हणे सगळ्यांना एकत्र आणायला. बरं मोकळ्या मैदानात बाद झालेला माणूस निदान लांब जाऊन झाडाखाली बसतो, गप्पा मारतो. छोट्या खोलीत तो जाणार कुठे? आणि तो एकटा नसतो, त्याच्याबरोबर एक खुर्चीपण बाद होते, तिलाही जागा लागते. म्हणजे जसजसा खेळ पुढे जातो तसतसा कडेला खुर्च्यांचा ढीग आणि माणसांचा ढीग वाढत जातो आणि मधलं वर्तुळ आवळत जातं, शेवटी दोघंजण एका खुर्चीभोवती फिरतात आणि बाकीचे एकवीस जण त्यांच्या मानेवर श्वास सोडत असतात. काकांच्या हातात प्लेट का राहिली ते मला तेव्हा नीट कळलं.

म्हणून पहिला नियम मी वहीच्या कोपऱ्यात लिहिला, कोणी बाद होणार नाही.

हा एक नियम लावला की निम्मे खेळ आपोआप गळतात, ते बरंच झालं. तंबोल्यात कोणी बाद होत नाही हे खरं, आणि जागाही लागत नाही, पण तंबोला म्हणजे तेवीस जणं आपापल्या तिकिटात डोकं घालून बसलेली, शेजारच्याचं तोंडही बघत नाहीत, आणि फुल हाउस होईपर्यंत अर्धा तास कुठे गेला कळत नाही. लग्नाच्या आदल्या रात्री ठीक आहे. अंताक्षरीला आमचा केरळचा डिझाइनवाला मुलगा गप्प बसतो आणि आवाज भिंतीपलीकडच्या सीएच्या ऑफिसात जातो, ते आधीच आमच्यावर खार खाऊन आहेत. तो हात गुंफून गाठ करायचा आणि मग सोडवायचा खेळ असतो ना, तो कोणीतरी सुचवला. तो मी लगेच कापला, एक तर आमच्याकडच्या बायकांना कोणाचेही हात धरून कोणाच्याही काखेखालून जायला आवडणार नाही आणि त्या बोलणार पण नाहीत, नुसत्या त्या दिवशी सुट्टी टाकतील, आणि दुसरं म्हणजे ती गाठ दर वेळेला सुटतेच असं नाही, कधी कधी दोन वेगळी कडी एकमेकांत अडकलेली निघतात, मग काय, हात सोडा आणि घरी जा.

शनिवारी सगळे गेल्यावर मी मेजर टेप घेऊन खोली मोजली. स्टोअरमधला मुलगा दुसरं टोक धरायला थांबला, त्याला वाटलं रूम रिनोव्हेट होतेय. १८ बाय १२. २१६ चौरस फूट. मधलं टेबल ८ बाय ४, ते हलत नाही, त्याच्या पायातून वायर गेलीये. ते ३२ फूट वजा. राहिले १८४, भागिले २३, म्हणजे माणशी आठ चौरस फूट. एक खुर्चीच दोन बाय दोनची, म्हणजे खुर्चीने निम्मी जागा खाल्ली. म्हणून ठरवलं, खुर्च्या सगळ्या बाहेर पॅसेजमध्ये, फक्त ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी चार आत. एसीच्या समोर कोणी टॉवर करायचा नाही, पंखा बंद ठेवायचा, खिडकीचा कट्टा फूटभर रुंद आहे तो वापरायचा, हे सगळं मी लिहून काढलं. आराखडा काढला पेन्सिलने, टेबल, कपाट, फिल्टर, स्विचबोर्ड. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

वेळेचं पण तेच केलं. कागदावर नव्वद मिनिटं असतात. त्यातली लोकं जमेपर्यंत बारा (आमच्याकडे "आलोच" म्हणजे बारा मिनिटं, हे मी दहा वर्षांच्या अनुभवावरून सांगतेय), साहेबांचं भाषण दहा, चहा-नाश्ता पंधरा, फोटो पाच. म्हणजे बेचाळीस मिनिटं गेली. खेळायला राहिली अठ्ठेचाळीस. आणि त्यातही समजावून सांगण्यात किती जातात ते कोणी धरत नाही. मी तीन खेळ धरले आणि स्वतःशी पक्कं ठरवून टाकलं की तिसरा होणार नाहीये. तो नुसता खिशात ठेवायचा, सगळं लवकर उरकलं तर काढायचा. ट्रेमध्ये ऑफिसातल्याच वीस वस्तू, वर रुमाल, एक मिनिट बघायचं आणि मग टीमने आठवून लिहायच्या. सोपा, जागा लागत नाही. तो ट्रे अजून माझ्या कपाटात आहे, रुमालासकट.

पहिला खेळ निवडताना एकच बघितलं, उशिरा येणाऱ्याला मध्येच घुसता आलं पाहिजे. नाहीतर काय होतं, पंधरा जणांना नियम सांगून झाले की सोळावा येतो, मग परत पहिल्यापासून, मग सतरावा. म्हणून रांगेचा खेळ. जन्मतारखेप्रमाणे रांग लावायची, जानेवारी दाराकडे, डिसेंबर कपाटाकडे, वर्ष नको फक्त दिवस आणि महिना, आणि अट एकच, तोंडातून शब्द काढायचा नाही. उशिरा आलेला माणूस बोटं दाखवत आपली जागा शोधतो, खेळ थांबत नाही. सामान शून्य. आणि माझा छुपा हिशोब असा की रांग लागली की ती तिथेच कापून टीम करायच्या, म्हणजे "मी सेल्सबरोबरच" वगैरे सुरू व्हायच्या आत पाच टीम तयार, पाच-पाचच्या तीन आणि चार-चारच्या दोन.

दुसरा म्हणजे मुख्य खेळ तो स्पॅगेटीच्या टॉवरचा. बऱ्याच जणांना माहीत असेल, पीटर स्किलमन नावाच्या डिझायनरने काढलेला आणि टॉम वूजेकच्या २०१० च्या टेडमधल्या भाषणाने सगळीकडे पोचलेला. टीमला वीस काड्या कच्ची स्पॅगेटी, एक यार्ड टेप, एक यार्ड दोरी, एक मार्शमेलो, आणि अठरा मिनिटं. ज्याचा मार्शमेलो सगळ्यात उंच, आणि टॉवर हात न लावता उभा, तो जिंकला. त्या भाषणात ते सांगतात की बालवाडीतली पोरं एमबीएवाल्यांपेक्षा चांगले टॉवर करतात, कारण मोठी माणसं प्लॅन करण्यात वेळ घालवतात आणि मार्शमेलो शेवटच्या मिनिटाला वर ठेवतात, तेव्हा सगळं कोसळतं, पोरं आधीपासूनच मार्शमेलो वर धरून बांधत जातात. मला हे आवडलं कारण यात कोणी बाद होत नाही, चार माणसांना एका चौरंगाएवढी जागा पुरते, आणि पडला तर टॉवर पडतो, माणूस नाही.

पण मार्शमेलोत जिलेटिन, जिलेटिन जनावराच्या हाडा-कातडीचं. ऑफिसात दोन जैन, त्यात श्रावण, अर्धे लोक कडक पाळणारे. खायचं नसलं तरी हातात कोण घेणार. मग त्याच्या बदली काय? लिंबू जड. पेढा जड आणि चिकट. थर्माकोलचा गोळा इतका हलका की खेळाचा मुद्दाच संपतो, कारण गंमत यातच आहे की वस्तू दिसते हलकी आणि काडीच्या टोकावर गेली की शेरभर वाटते. शेवटी सुचला चुरमुऱ्याचा लाडू! बाजारातला मोठा असतो म्हणून मी घरीच केले, गुळाचा पाक जरा कडक घेऊन, लिंबाएवढे. किचनच्या काट्यावर बारा ग्रॅम. मार्शमेलो साधारण सातचा असतो, म्हणजे आमचा टॉवर जरा बुटका होणार हे गृहीत धरलं. काडी खुपसायला मात्र लाडू मस्त, चुरमुऱ्यांमध्ये काडी धरून बसते.

रविवारी घरी ट्रायल घेतली. न खेळलेला खेळ दुसऱ्यांना खेळायला लावू नये, हे माझं ठाम मत आहे. एका बाजूला मी आणि नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगा आणि शेजारची त्याची मैत्रीण, दोघं तिसरीत. नवरा इंजिनिअर, त्याने पेन्सिल घेतली. काडी निम्मी केली की वाकायच्या आधी चौपट भार घेते, चौकोन कलंडतो, त्रिकोण कलंडत नाही, हे सगळं त्याने मला नऊ मिनिटं समजावलं आणि ते सगळं खरंच होतं. पोरांनी काय केलं तर दोन मिनिटांत लाडवात तीन काड्या खुपसून तिपाई केली. मग ती उचलून तिच्याखाली आणखी काड्या. आमचा टॉवर लाडू ठेवल्यावर कमरेत वाकला, सावकाश, नमस्कार केल्यासारखा, आणि कट्ट्यावर तुकडे. त्यांचा अठ्ठावीस सेंटिमीटर. नंतर त्यांनी लाडू खाल्ला.

ट्रायलमध्ये बाकीच्या बारीक गोष्टी कळल्या. सेलोटेपचं टोक सापडत नाही आणि दर वेळी कात्री लागते, मास्किंग टेप हाताने फाटतो. रोल दिला तर लोकं मोजत नाहीत, म्हणून तीन-तीन फुटांच्या पट्ट्या आधीच कापून खुर्चीच्या पाठीला लटकवायच्या, पिशवीत टाकल्या तर त्या स्वतःलाच चिकटून दोरखंड होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नियम आधी सांगायचे, पिशवी नंतर द्यायची. पिशवी हातात पडली की कान बंद. हे मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्टच्या वेळी पण बघितलंय.

एक गोष्ट मात्र मी अभिमानाने केली. दर वर्षी चहा आमच्या मावशी देतात, म्हणजे सगळे खेळतात आणि मावशी पॅन्ट्रीत गाळणं घेऊन उभ्या. या वर्षी म्हटलं मावशीपण खेळणार, ड्रायव्हरदादापण, चहा बाहेरून. खालच्या टपरीवाल्याला सांगितलं, बरोबर साडेचारला तेवीस चहा वर पाठव. कागदावर टॉवर ४:२७ ला मोजून संपत होता.

आता तो दिवस.

साडेतीनला खोलीत सहा जण. बारा मिनिटं धरली होती, पंधरा लागली. साहेब बारा मिनिटं बोलले, आणि चांगलं बोलले, म्हणून काही म्हणता येत नाही. बाहेर पाऊस असा की खिडकीतून समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, खोलीत ओल्या छत्र्यांचा आणि वेफर्सचा वास. मग रांग. आणि ते इतकं छान झालं की काय सांगू. तेवीस माणसं एकदम गप्प, नुसती बोटं. नऊ बोटं, मग दोन वेळा दहा. कोणी केक कापल्याचं करतोय, कोणी झेंडावंदनाचा सॅल्यूट, कोणी पतंग उडवतोय. सरळ रांगेला जागा नव्हतीच, ती टेबलाला वळसा घालून यू झाली, त्यामुळे सगळ्यांना सगळे दिसत होते, हे मी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं.

आणि मग मध्यावर अडकलं. परचेसचे मॅनेजर, एरवी कोणाशी हसत नाहीत, त्यांनी सहा बोटं आणि एक बोट दाखवलं. शेजारी ड्रायव्हरदादा, त्यांनीही सहा आणि एक. मावशींनी सहा आणि एक. डिस्पॅचच्या काकांनी सहा आणि एक. एक क्षण सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि मग पहिल्यांदा कोणाला कळलं माहीत नाही पण अख्खी रांग फुटली हसून, शब्द न काढता हसणं म्हणजे नुसते खांदे हलतात आणि डोळ्यांत पाणी. एक जून! शाळेत नाव घालताना मास्तरांनी टाकलेली. आमच्या सासऱ्यांची पण तीच आहे. ज्यांना माहीत आहे त्यांना समजावायला नको, आणि आमच्या डिझाइनवाल्या पोराला मात्र कळेना की चार माणसं एकाच दिवशी जन्मली यात रडण्याइतकं हसायला काय झालं.

त्यात काकांनी मान हलवली, म्हणजे "नाही नाही", आणि काहीतरी दाखवायला लागले. वाकून, एक हात मागे, दोरीने काहीतरी ओढत चालल्यासारखं. दोन पावलं पुढे, मागे वळून बघतात, परत ओढतात. कोणी ओठांनीच म्हटलं, बैलगाडी? काका मान हलवत "नाही". कोणी कुत्र्याचं दाखवलं. सगळे परत हसले, काका पण हसले, आणि सोडून दिलं त्यांनी. मला पण कळलं नाही. माझं लक्ष घड्याळात, ४:०८ झाले होते.

मी रांग कापली. पाच, पाच, आणि मग चार, आणि त्या चारांत नेमके चौघंही एक जून. माझ्या पोटात गोळा. म्हणजे सगळे वयाचे, त्यातले तिघं असे की ज्यांना मीटिंग रूममध्ये सहसा कोणी बसायला सांगत नाही, ते एका बाजूला, आणि बाकी सगळी पोरं-पोरी दुसऱ्या बाजूला. एकाआड एक मोजले असते तर हे झालं नसतं, एवढी साधी गोष्ट, खोलीचा चौरस फूट काढणाऱ्या बाईला सुचली नाही. बदलू का म्हणून तोंड उघडलं, पण मावशी पदर खोचून पिशवी घ्यायला आल्या होत्या. राहू दिलं.

टेबलावर तीन टीम बसतात, एक खिडकीशी. एक जूनवाल्यांनी काही न बोलता पोरांना टेबल दिलं आणि उरलेल्या जागी एक स्टूल ओढून घेतलं. ती उरलेली जागा म्हणजे दाराशेजारचा कोपरा.

४:१४ ला सुरू. टेबलावर काय चाललं होतं ते मी घरी बघितलं होतंच, वादविवाद, एकजण मोबाईलवर डायग्राम शोधतोय, लाडू बाजूला टिश्यूवर निवांत. साहेबांची टीम पाच मिनिटांत फूटभर उंच गेली, टाळ्या पण घेतल्या. कोपऱ्यात मॅनेजरसाहेब सुरुवातीला सूचना देत होते. काकांनी ऐकून घेतलं आणि मग लाडू उचलून तळहातावर दोन-तीनदा झेलला. वजन बघितलं. मग म्हणाले, "साहेब, आधी माल बघू." त्यांनी तीन-तीन काड्यांच्या जुड्या केल्या, निम्म्या लांबीच्या, दोन्ही टोकांना आणि मध्ये टेपचा एकेक वेढा, मावशींच्या बोटांनी तो टेप असा बसत होता की जणू गजराच. तिपाई, वर लाडू, डुलतंय का बघ. डुललं की कुठल्या पायाकडे डुलतं ते बघ, तिथे सुतळीचा ताण. मग अख्खं उचलायचं आणि खाली दुसरा मजला, मग तिसरा. तीस वर्षं माणूस कार्टनवर कार्टन लावतोय. मला नंतर म्हणाले, "किती उंच लावायचं ते वरच्या डब्याला नाही विचारायचं, खालच्याला विचारायचं." परचेसचे मॅनेजर तोपर्यंत गुडघ्यावर बसले होते, इस्त्रीच्या पँटीत, श्वास रोखून, लाडू धरून.

साडेचारला दोन मिनिटं उरली होती. साहेबांच्या टीमने लाडू वर ठेवला आणि तो मधूनच मोडला, सगळे "अरे अरे" करत तिकडे वळले. मी कोपऱ्याकडे बघत होते. तीन मजले, सरळ, सुतळी ताणलेली, मी मनातल्या मनात पस्तीस धरला होता, जास्तच असेल. काका मागे सरकले, हात काढून. चौघांचेही हात हवेत.

आणि दार उघडलं.

टपरीवरचा पोरगा, दोन्ही हातांत चहाचे ट्रे, म्हणून पाठीने दार ढकलत आत आला. अगदी वेळेवर. दार आत उघडतं आमचं. रोज उघडते मी ते. टेबल मोजलं, कट्टा मोजला, एसीचा झोत कुठे पडतो ते बघितलं, आणि तीन फुटांचं दार आत फिरताना पाव वर्तुळ खातं हे आराखड्यात काढलंच नव्हतं. नंतर हिशोब केला, जवळपास सात चौरस फूट. म्हणजे एका माणसाच्या वाट्याची जागा, आणि ती मी कोणाच्या वाट्याला दिली होती बघा.

आवाज फार नाही झाला, स्पॅगेटीचा काय आवाज होणार, नुसता किरकिर. लाडू गडगडत टेबलाखाली. पोरगा तिथेच थिजला, चहा डचमळला, मावशींनी आधी ट्रे सावरला, मग खाली बघितलं. मी तिथपर्यंत पोचेपर्यंत माझे कान गरम झालेले, मी काका सॉरी, काका चूक माझी, असं काहीतरी बोलत होते, म्हटलं आपण तुकडे जोडून मोजू, मी उंची बघितलीये, धरू. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग अगदी गंभीर चेहऱ्याने, डिस्पॅचच्या रजिस्टरवर सही करतात तशी हवेत सही करून म्हणाले, "नोंद करा मॅडम. ट्रान्झिट डॅमेज."

परचेसचे मॅनेजर जे हसायला लागले, गुडघ्यावरच बसलेले होते ते मागे भिंतीलाच टेकले. दहा वर्षांत त्यांचे दात मी पहिल्यांदा बघितले. जिंकली खिडकीवाली टीम, एकतीस सेंटिमीटर, बाकीचे दोन उभेच राहिले नाहीत. चॉकलेटचा डबा त्यांना दिला. फोटोत एक जूनवाले चौघं दाराला टेकून उभे आहेत.

रात्री झोप येईना. वाईट झालं असं नाही, सगळे खूश होते, दुसऱ्या दिवशी पण "ट्रान्झिट डॅमेज" चालू होतं, अजून चालू आहे, कोणाचा कप फुटला तरी. पण मला आठवत होतं ते वेगळंच, ते दोरी ओढणं. मागच्या वर्षी प्लेट, या वर्षी ही दोरी. सोमवारी चहाच्या वेळी डिस्पॅचला गेले, विचारलं, काका, ते तुम्ही काय दाखवत होतात? ते पुट्ठ्यावर पत्ता चिकटवत होते. म्हणाले, "अहो, तान्हा पोळा." काका मूळचे वर्ध्याचे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिकडे लहान पोरं लाकडी बैलाला चाकं लावून, सजवून, दोरीने ओढत घरोघरी नेतात. "माय म्हणे, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी झाला. बाहेर पोरांचा गलका, अन् घरात मी. तारीख कोणाले माहीत." ठाण्यातल्या बावीस माणसांसमोर तोंड बंद ठेवून लाकडी बैल कसा दाखवायचा, आणि आम्ही म्हणतोय कुत्रा.

मी म्हटलं काका, वर्ष सांगा, जुन्या पंचांगात बघून तारीख काढून देते. त्यांनी जरा विचार केला. मग म्हणाले नको, वर्षाचंही मास्तरांनाच माहीत, आणि एक जूनला आता चौघांत मिळून एक केक आणू असं परचेसच्या साहेबांनी सांगितलंय, ते कशाला मोडता.

पॅन्ट्रीत कालनिर्णय आहे. त्यात श्रावणाच्या अमावस्येला पोळा छापलेला असतोच, त्याच्या पुढच्या चौकोनात मी पेन्सिलने एक चाकावरचा बैल काढला, माझं ड्रॉइंग बेकार आहे, शेळीच दिसतेय. काका संध्याकाळी चहाला आले, कॅलेंडरसमोर थांबले, चष्मा वर करून बघितलं. काही बोलले नाहीत. पेन्सिल तिथेच दोरीला बांधलेली होती, ती घेतली, आणि त्या शेळीला दोन शिंगं काढून, गळ्यात दोरी काढून गेले.